गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना: तुलना जुन्या दराशी नव्हे, जुन्या बँकेच्या नव्या दराशी

माझा भाचा कुंडईच्या कारखान्यात नोकरीला आहे, भाचेसून शाळेत शिकवते आणि दोघांचा फ्लॅट फोंड्याजवळ कुर्टीला. एका रविवारी तो मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, ही बँक पावणेआठ टक्क्याने कर्ज देते. आमचा दर सव्वानऊच्या जवळ. हलवूया काय?" मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो असलो तरी घरातल्या कर्जांतून निवृत्ती मिळत नाही. पुढचे दोन महिने आम्ही त्याच कामात होतो. जे केलं, ज्या क्रमानं केलं आणि जिथं अडखळलो, ते पहिल्यांदाच कर्ज हलवणाऱ्यांसाठी लिहितो.

बँकेत याला टेकओव्हर म्हणतात, जाहिरातीत बॅलन्स ट्रान्सफर. अर्थ एकच: नवी बँक तुमचं उरलेलं कर्ज जुन्या कर्जदात्याला फेडते, घराचे मूळ कागद स्वतःकडे घेते आणि तुम्ही पुढचे हप्ते तिला भरता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं एक कर्ज संपून दुसरं नव्यानं सुरू होतं. खर्चही नव्या कर्जाचाच होतो, हे सुरुवातीलाच डोक्यात ठेवा.

पहिलं काम: आपलं कर्ज कशाला बांधलेलं आहे ते पाहा

कपाटातून कर्जमंजुरीचं पत्र, म्हणजे सँक्शन लेटर काढा आणि कर्जदात्याकडून ताजं खातेपत्रक घ्या. चार गोष्टी कागदावर उतरवा: उरलेलं मुद्दल, उरलेले हप्ते, आजचा दर आणि तो दर कशावर ठरतो. भाच्याचं मुद्दल ३०,००,००० रुपये, हप्ते १६८ म्हणजे चौदा वर्षं, दर ९.१५ टक्के आणि हप्ता ३१,७३२ रुपये.

चौथी गोष्ट लोक पाहत नाहीत, पण दर का उतरला नाही याचं उत्तर तिथंच असतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर धरला आहे. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलायला हवा. २०२५ या एका वर्षात रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि रेपोशी जोडलेल्या कर्जदारांचे दर आपोआप उतरले. गृहवित्त कंपन्यांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. बँकेचंच कर्ज पण २०१९ च्या आधीचं असेल, तर ते अजून बँकेनं स्वतः ठरवलेल्या जुन्या मूळ दरावर, म्हणजे एमसीएलआरवर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर पडून असू शकतं. भाच्याचं कर्ज गृहवित्त कंपनीचं होतं. रेपो सव्वा टक्का उतरला तरी त्याच्या पदरात जेमतेम पाव टक्का पडला होता.

तुमचं कर्ज आधीच रेपोशी जोडलेलं असेल, तर तुमच्या आणि नव्या बँकेच्या दरात जो फरक दिसतो तो फक्त वरच्या अधिभाराचा, म्हणजे स्प्रेडचा असतो. पावणेआठ म्हणजे ५.२५ रेपो अधिक २.५० स्प्रेड. रेपो उद्या वर गेला तर दोन्हीकडे सारखाच वर जाईल. म्हणून एका बँकेची दुसरीशी तुलना करायची ती स्प्रेडवरून.

कर्ज तरत्या दराचं आहे ना, हेही याच पत्रात पाहा. वैयक्तिक कर्जदाराचं तरत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड आकारता येत नाही; बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे. पैसा दुसऱ्या बँकेतून आला म्हणूनही दंड लागत नाही. काही कर्जं पहिली दोन-तीन वर्षं स्थिर दराची असतात. त्या काळात बाहेर पडायचं असेल तर करारातलं मुदतपूर्व फेडीचं कलम शब्द न शब्द वाचून घ्या.

दुसरं काम: आधी आपल्याच कर्जदात्याच्या काउंटरवर जा

ही पायरी वगळून लोक थेट नव्या बँकेत जातात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. भाच्याला मी पणजीला त्याच्या कंपनीच्या शाखेत पाठवलं आणि एकच प्रश्न विचारायला सांगितलं: माझा दर कमी करून द्यायला किती शुल्क घ्याल आणि दर किती होईल? याला कन्व्हर्जन म्हणतात. नवीन कर्जदाराला जो दर मिळतो तो किंवा त्याच्या जवळपासचा दर जुन्यालाही शुल्क घेऊन दिला जातो, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

उत्तर आलं: दर ८.३५ टक्के होईल, शुल्क उरलेल्या मुद्दलाच्या पाव टक्का अधिक जीएसटी. म्हणजे ७,५०० अधिक १,३५०, एकूण ८,८५० रुपये. हप्ता ३०,३३९ रुपयांवर येणार. वकील नको, मुद्रांक नको, मूळ कागद हलवायला नकोत. काम आठवड्याभराचं.

आता तुलना बदलली. भाच्याच्या डोक्यात ९.१५ विरुद्ध ७.७५ होतं. खरी निवड ८.३५ विरुद्ध ७.७५ अशी आहे, कारण ९.१५ वर बसून राहायची सक्ती कुणी केलेलीच नाही. नव्या बँकेचा माणूस तुम्हाला नेहमी जुन्या दराशी तुलना करून दाखवील. त्याचं ते कामच आहे.

एक बाजूची गोष्ट. आपण कर्ज पूर्ण फेडायची रक्कम सांगणारं पत्र, म्हणजे फोरक्लोजर लेटर मागितलं की जुन्या कर्जदात्याचा फोन येतो आणि आधी "शक्य नाही" म्हटलेला दर अचानक शक्य होतो. त्यामुळे त्यांचा शेवटचा आकडा ईमेलवर मागवून घ्या, आणि तो हातात येईपर्यंत नव्या बँकेला एक रुपयाही शुल्क भरू नका.

तिसरं काम: नव्या बँकेकडून खर्चाचा लेखी आकडा

दोन, फार तर तीन ठिकाणी विचारा. प्रत्येक अर्जागणिक सिबिलमध्ये चौकशीची नोंद पडते. सात-आठ नोंदी एकदम दिसल्या की पुढचा अधिकारी भुवया उंचावतो. चौकशी तोंडी करा आणि अर्ज जिथं पक्कं ठरेल तिथंच द्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासाठी कर्जदात्याला मुख्य तथ्यांचं पत्रक, ज्याला केएफएस म्हणतात, द्यावंच लागतं. त्यात व्याजदराबरोबर सगळी शुल्कं आणि ती धरून येणारा एकूण वार्षिक दर असतो. पण कर्जदाता ज्याचे पैसे स्वतः किंवा दुसऱ्यासाठी घेत नाही तो खर्च, म्हणजे आपल्या कागदांची धावपळ वगैरे, त्यात दिसत नाही. भाच्यासाठी आम्ही वहीत केलेली बेरीज अशी झाली.

प्रक्रिया शुल्क ०.३५ टक्के, १०,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १२,३९०. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युअरची भेट मिळून ६,५००. गहाणाचा दस्त, मुद्रांक आणि नोंदणी यांसाठी बँकेनं लेखी दिलेला आकडा १५,६००. हा आकडा बँक कोणता दस्त करून घेते त्यावर हलतो, म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या वहीत उतरवू नका. आपल्या बँकेकडून आपल्या कर्जाचा घ्या. ताजे उतारे, बोजा नसल्याचा दाखला, झेरॉक्स आणि पेट्रोल मिळून १,५००. सेरसाई या केंद्रीय नोंदवहीतली गहाणाची नोंद, करासह १२० धरली.

आणि एक खर्च जो कुठल्याच पत्रकात नसतो: दुहेरी व्याजाचे दिवस. नव्या बँकेनं धनादेश काढला त्या दिवसापासून तिचं व्याज सुरू होतं. तो धनादेश जुन्या कर्जदात्याकडे पोचून वटून खातं बंद होईपर्यंत तिकडचंही व्याज चालूच असतं. ३० लाखांवर ७.७५ टक्क्यांनी दिवसाला ६३७ रुपये होतात. सात दिवस लागले तर ४,४६० रुपये गेले. फोंड्याच्या शाखेतून निघालेला धनादेश पणजीला पोचवायला सात दिवस का लागावेत, असं वाटेल. मध्ये शनिवार-रविवार येतो, कुणीतरी रजेवर असतो, आणि कर्जखात्याचा एक आकडा चुकला की धनादेश परत येतो. रक्कम थेट वर्ग करणारी बँक असेल तर हे दिवस दोन-तीनवर येतात. अर्ज देण्याआधीच विचारून ठेवण्याजोगा हा प्रश्न आहे.

एकूण बेरीज ४०,५७० रुपये.

कर्जाबरोबर विमा घ्यायचा आग्रह होईल. तो त्याच बँकेकडून घ्यायचं बंधन नाही. मात्र "विमा घेतलात तर दर इतका, नाहीतर तितका" असं कुणी म्हणालं, तर विम्याच्या हप्त्याचे पैसे वरच्या बेरजेत घालून पुन्हा मोजा. हे पैसे बऱ्याचदा कर्जातच मिळवले जातात आणि मग त्यांच्यावरही चौदा वर्षं व्याज भरावं लागतं.

चौथं काम: किती महिन्यांत वसूल होतं?

७.७५ टक्क्यांनी, त्याच १६८ महिन्यांसाठी, हप्ता २९,३१५ रुपये. आजच्या हप्त्यापेक्षा २,४१७ रुपयांनी कमी. ४०,५७० ला त्यानं भागलं की सतरा महिने येतात. भाचा खूश झाला. पण ही ती चुकीची तुलना.

बरोबर तुलना अशी. जुन्या कंपनीच्या नव्या दराचा हप्ता ३०,३३९, नव्या बँकेचा २९,३१५, फरक १,०२४. जास्तीचा खर्च ४०,५७० वजा ८,८५०, म्हणजे ३१,७२०. भागाकार ३१ महिने. सतराचे एकतीस झाले.

यात एक बारकावा आहे आणि तो नव्या बँकेच्या बाजूचा आहे. दर कमी असला की प्रत्येक हप्त्यात मुद्दलाचा वाटा थोडा जास्त असतो. पहिल्या महिन्यात ८.३५ टक्क्यांनी मुद्दलात साधारण ९,४६४ रुपये जातात, तर ७.७५ टक्क्यांनी ९,९४०. म्हणजे हप्त्यात वाचलेले १,०२४ आणि मुद्दलात जास्त उतरलेले ४७६, मिळून पहिल्याच महिन्यात फायदा १,५०० चा. हा दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही, पण फ्लॅट विकून कर्ज फेडायच्या दिवशी कमी शिल्लकीच्या रूपानं हातात येतो. तो धरला की खर्च २२ महिन्यांच्या आसपास वसूल होतो. म्हणून मी भाच्याला दोन आकडे दिले: खिशाला ३१ व्या महिन्यात जाणवेल, हिशेबाला २२ व्या महिन्यात.

मग विचारलं, या फ्लॅटमध्ये किती दिवस राहणार? दोन वर्षांत पर्वरीला मोठी जागा घ्यायचा बेत पक्का असता, तर मी त्याला ८,८५० भरून आहे तिथंच राहा म्हटलं असतं. पोरगी फोंड्यातच शाळेत आहे, दहा वर्षं तरी हलायचं नाही, असं भाचेसुनेनं सांगितलं. मग हलवण्यात अर्थ होता. शेवटच्या चार-पाच वर्षांत आलेल्या कर्जाला मात्र हे गणित सहसा बसत नाही. तोवर बहुतेक व्याज भरून झालेलं असतं आणि खर्च तेवढाच राहतो.

मोबाईल किंवा संगणकावरच्या तक्त्यात हप्ता काढायला ही दोन सूत्रं पुरतात. पहिलं हप्ता सांगतं, दुसरं हप्ता ठरवल्यावर किती महिने लागतील ते:

```
=PMT(9.15%/12,168,-3000000)
=NPER(7.75%/12,-31732,3000000)
```

मुदतीचा सापळा

इथं जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसा इथंच जातो. नव्या बँकेच्या अधिकाऱ्यानं भाच्यापुढे वीस वर्षांचा तक्ता ठेवला होता. हप्ता २४,६२८. आजच्यापेक्षा महिन्याला सात हजारांनी कमी! घरी येऊन त्यानं पेढे आणायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

गुणाकार करू. आज आहे तसंच चालू ठेवलं तर ३१,७३२ गुणिले १६८, म्हणजे ५३.३१ लाख भरायचे. वीस वर्षांच्या तक्त्यानं २४,६२८ गुणिले २४०, म्हणजे ५९.११ लाख. दर दीड टक्क्याच्या जवळपास उतरवून माणूस पावणेसहा लाख रुपये जास्त भरतो. हप्ता उतरतो तो मुख्यतः सहा वर्षं जोडली म्हणून.

मुदत चौदा वर्षंच ठेवली तर ४९.२५ लाख होतात, म्हणजे चार लाखांची बचत. आणि हप्ता जुनाच, ३१,७३२ चालू ठेवला, तर १४७ व्या हप्त्याला कर्ज संपतं, एकवीस महिने आधी. भाच्याला तो हप्ता भरायची सवय झालेलीच होती. आम्ही हाच मार्ग घेतला. अर्जात मुदत १६८ महिन्यांची लिहिली, कारण अडचणीच्या महिन्यात हप्ता कमी असलेला बरा. वरचे २,४१७ दर महिन्याला मुद्दलात भरायचे ठरवले. तरत्या दराच्या कर्जात असे जादा भरण्यावर दंड नाही. सँक्शन लेटर हाती आलं की सर्वांत आधी महिन्यांचा आकडा पाहा. तो विचारलेल्यापेक्षा वेगळा छापलेला असू शकतो.

पाचवं काम: गोव्याचे कागद

पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं खातेपत्रक, आयकर विवरण, आधार, पॅन हे कुठल्याही कर्जाला लागतं, त्यावर लिहीत नाही. जुन्या कर्जदात्याकडून तीन गोष्टी हव्यात: वर्षभराच्या हप्त्यांचा तपशील, त्याच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी जिला एलओडी म्हणतात, आणि शेवटी फोरक्लोजर लेटर. कागदांची यादी आली की आपल्याकडच्या झेरॉक्सशी एकेक ओळ ताडून पाहा. भाच्याच्या यादीत विक्रीखताच्या नोंदणीची पावतीच नव्हती. ती पावती कंपनीच्या गोदामात दुसऱ्या पाकिटात होती हे कळायला नऊ दिवस गेले. खातं बंद केल्यानंतर हे उघडकीला आलं असतं तर मोठी पंचाईत झाली असती.

नव्या बँकेचा पॅनलवरचा वकील जमिनीचा इतिहास पहिल्यापासून तपासतो. जुन्या कर्जदात्यानं कर्ज दिलं म्हणजे कागद ठीकच असणार, हे तो मानत नाही. एक-चौदाचा उतारा, जमीन रूपांतराची सनद, बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी दाखला, घरपट्टीची पावती आणि सब-रजिस्ट्रारचा बोजा नसल्याचा दाखला तो मागतो. फ्लॅटच्या इमारतीच्या एक-चौदावर अनेकदा अजून मूळ जमीनमालकाचंच नाव असतं. त्यात घाबरण्यासारखं नाही. मालक ते बिल्डर आणि बिल्डर ते तुम्ही अशी दस्तांची साखळी अखंड हवी. साखळीत वारसाहक्कानं आलेली जमीन असेल तर वकील वारसांमधल्या वाटणीचा कोर्टाचा, म्हणजे इन्व्हेंटरीचा निकाल किंवा वारसदारांचा दस्त मागतो, आणि खरा उशीर इथं होतो. म्हणून सगळं प्रक्रिया शुल्क भरण्याआधी झेरॉक्सचा संच वकिलाला दाखवायची विनंती करा. वकील नाही म्हणाला तर फार तर त्याची फी जाईल.

व्हॅल्युअर प्रत्यक्ष घर बघतो. मंजूर नकाशात नसलेली बंद केलेली बाल्कनी, गच्चीवर चढवलेली खोली त्याच्या अहवालात येते आणि किंमत कमी धरली जाते. जुनं कर्ज देताना कुणी पाहिलं नव्हतं, हे उत्तर चालत नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरून आलेल्या कर्जदारांना माहीत नसते. इथल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते आणि स्थावर मालमत्ता विकायला किंवा गहाण ठेवायला दोघांच्या सह्या लागतात. विक्रीखत एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी तेच. भाच्याचा फ्लॅट लग्नाआधी त्याच्या एकट्याच्या नावावर झाला होता आणि जुन्या कंपनीनं भाचेसुनेची सही घेतली नव्हती. नव्या बँकेच्या वकिलानं पहिल्याच दिवशी विचारलं, "बायको कुठं आहे?" ती शाळेतून अर्ध्या तासात आली म्हणून निभावलं. ज्यांच्या घरातला माणूस जहाजावर किंवा आखातात आहे त्यांनी कुलमुखत्यारपत्र तो जाण्याआधीच इथं करून घ्यावं, आणि त्यात "अमुक मालमत्ता गहाण ठेवणे व कर्जाचे दस्त करणे" असं स्पष्ट लिहून घ्यावं. तिकडे वकिलातीत केलेलं पत्र चालतं, पण ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

सहावं काम: तारखांचा मेळ

फोरक्लोजर लेटरवर रक्कम, ती कुठल्या तारखेपर्यंत चालेल आणि पुढे दिवसाला किती व्याज चढेल ते लिहिलेलं असतं. ते घाईनं आधीच घेऊन ठेवू नका. भाच्याचा हप्ता पाच तारखेला जायचा. पाचचा हप्ता गेल्यावर आठला लेटर मागवलं, वीसच्या आत धनादेश द्यायचा असं ठरवलं. असं केलं नाही तर पुढचा हप्ता कापला जातो, रक्कम जुळत नाही आणि ती परत मिळवायला पुन्हा अर्ज. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात तर हे काम काढूच नका. निम्मं ऑफिस गावी आणि उरलेलं निम्मं माटोळीच्या खरेदीला.

धनादेशावर जुन्या कर्जदात्याच्या नावापुढे तुमचा कर्जखाते क्रमांक आहे याची खात्री करा. तो जमा केल्याची पोच घ्या आणि खातं शून्य झाल्याचं पत्रक मागा. त्याच घरावर जादा कर्ज, म्हणजे टॉप-अप घ्या असं याच टेबलावर सुचवलं जाईल. गरज नसेल तर मान हलवून पुढे चला.

सातवं काम: कागद परत मिळेपर्यंत

कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत कर्जदात्यानं सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि आपला बोजा काढून टाकायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्याच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. मूळ कागद शाखेत नसतात. ते दूरच्या गोदामातून मागवले जातात, त्यामुळे दोन-तीन आठवडे धरूनच चाला. आम्हाला तारीख दिली होती त्या दिवशी पाकीट आलंच नव्हतं. भाच्यानं शून्य शिल्लकीचं पत्रक जोडून, तीस दिवस कधी पूर्ण होतात ती तारीख लिहून ईमेल केलं. चौथ्या दिवशी फोन आला.

कागद घ्यायला नव्या बँकेचा माणूस बरोबर असतो. टेबलावरच, सही करण्याआधी, एलओडीशी प्रत्येक कागद ताडा, पानं मोजा. काही बँका कागद हाती येईपर्यंत थोडा जास्त दर लावतात, तो नंतर उतरवला का हे पुढच्या महिन्याच्या खातेपत्रकात पाहा. जुनं गहाण सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असेल तर ते मोकळं केल्याचा दस्तही नोंदवून घ्यावा लागतो. कर्ज फिटलं, आमची हरकत नाही असं सांगणाऱ्या एनओसीच्या पत्रावर भागत नाही.

मग उरतात बारीक कामं. जुन्या हप्त्याचा बँकेतला आदेश रद्द करून घ्या. जुन्या कर्जाला विमा जोडलेला असेल तर त्यावरचं कर्जदात्याचं नाव बदला किंवा उरलेल्या काळाचा परतावा मागा. साधारण दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून जुनं खातं बंद दिसतं का ते पाहा. सेरसाईच्या संकेतस्थळावर मालमत्तेचा शोध घेता येतो. भाच्याच्या फ्लॅटवर तिथं दोन गहाणं दिसत होती, एक नव्या बँकेचं आणि एक जुन्या कंपनीचं, कर्ज फिटून सात आठवडे झाले तरी. त्या पानाचा फोटो आणि एनओसीची प्रत जोडून कंपनीला पुन्हा एक ईमेल गेलं. पुढच्या सोमवारी शोध घेतला तेव्हा एकच नोंद उरली होती.